तुलना न करता लागणारा क्रम

बारावीचे गुणपत्रक सहाशे गुणांचे असते. समजा, १५ लाख विद्यार्थ्यांचे एकूण गुण आपल्यासमोर आहेत आणि त्यांची यादी चढत्या क्रमाने लावायची आहे. हे काम संगणकाला सांगितले, तर तो बहुधा आपल्याला शाळेपासून माहीत असलेल्या रीतीनेच करील. दोन विद्यार्थी घ्यायचे, कोणाचे गुण कमी ते पाहायचे, त्याला पुढे ठेवायचे. कोणती जोडी केव्हा तपासायची यात हुशारी असते. क्विकसॉर्ट, मर्जसॉर्ट, हीपसॉर्ट ही त्या हुशारीची निरनिराळी रूपे. पण या सगळ्यांचे हत्यार एकच, ते म्हणजे तुलना.

या हत्याराला एक मर्यादा आहे आणि ती गणिताने सिद्ध झालेली आहे. तीन विद्यार्थी घ्या. त्यांचे गुण वेगवेगळे असतील, तर त्यांचे क्रम सहा प्रकारे लागू शकतात. एका तुलनेतून दोनच उत्तरे निघतात, ‘हा लहान’ किंवा ‘तो लहान’. दोन तुलनांतून फार तर चार वेगवेगळे निष्कर्ष निघतील. चार निष्कर्षांतून सहा शक्यता वेगळ्या ओळखता येणार नाहीत, म्हणून कधी ना कधी तिसरी तुलना करावीच लागते. हाच हिशेब पुढे नेला, तर १५ लाख नोंदींसाठी सरासरी सुमारे २ कोटी ८६ लाख तुलना लागतात, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे जवळपास १९. याहून कमी तुलनांत भागवणारी रीत आजवर सापडलेली नाही असे नव्हे, ती असूच शकत नाही. नोंदी वाढल्या की माणशी तुलनांची संख्याही हळूहळू वाढत जाते.

मग ‘रेषीय वेळेत’, म्हणजे नोंदी दुप्पट झाल्या तर काम फक्त दुप्पट होईल अशा रीतीने, क्रम लावता येतो असे संगणकशास्त्राची पाठ्यपुस्तके म्हणतात ते कसे? वरची सिद्धता चुकलेली नाही. ती फक्त तुलना करणाऱ्यांना लागू आहे. आपण तुलनाच केली नाही तर?

एखाद्याला ४३७ गुण आहेत. हे गुण ४२१ पेक्षा जास्त आहेत ही त्यातून मिळणारी एक माहिती झाली. पण ४३७ हा आकडा स्वतःच एक पत्ताही आहे. शून्यापासून सहाशेपर्यंत ६०१ रकाने आखून ठेवले, तर ४३७ गुणांचा विद्यार्थी कोणत्या रकान्यात जाईल हे सांगायला दुसऱ्या कोणाकडे पाहावे लागत नाही. काउंटिंग सॉर्ट या पद्धतीचा सगळा जीव एवढ्याच गोष्टीत आहे.

कृती नीट समजावी म्हणून गुण पाचपैकी आहेत आणि विद्यार्थी सातच आहेत असे धरू. यादीत त्यांचे गुण असे आले आहेत: ३, १, ४, १, ०, ३, ३. पहिल्या फेरीत फक्त मोजायचे. शून्य गुणांचा एक जण, एक गुणाचे दोघे, दोन गुणांचे कोणी नाही, तीन गुणांचे तिघे, चार गुणांचा एक, पाच गुणांचा कोणी नाही. या मोजणीवरून प्रत्येक गुणाची जागा कुठून सुरू होते ते काढायचे. शून्यवाल्याची जागा पहिली. त्याच्यानंतर एक गुणवाल्यांच्या जागा दुसरीपासून. ते दोघे असल्याने तीन गुणवाल्यांच्या जागा चौथीपासून. ते तिघे, म्हणून चार गुणवाल्याची जागा सातवी. आता मूळ यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायची. पहिला विद्यार्थी तीन गुणांचा, तो चौथ्या जागेवर गेला आणि तीन गुणांच्या पुढच्या माणसासाठी पाचवी जागा तयार झाली. दुसरा एक गुणाचा, तो दुसऱ्या जागेवर. तिसरा चार गुणांचा, तो सातवीवर. चौथा पुन्हा एक गुणाचा, तो तिसरीवर. शून्यवाला पहिलीवर. राहिलेले दोन तीन गुणवाले पाचवी आणि सहावीवर. यादी लागली आणि वाटेत एकाही जोडीची तुलना झाली नाही.

१५ लाख विद्यार्थ्यांसाठीही काम हेच. एकदा यादी वाचून मोजायचे, ६०१ आकड्यांची बेरीज पुढे सरकवत न्यायची, मग दुसऱ्यांदा यादी वाचून प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवायचे. प्रत्येक विद्यार्थ्याला दोनदा हात लागला. माणशी १९ तुलनांच्या जागी माणशी दोन हाताळण्या, आणि विद्यार्थी १५ लाखांऐवजी ३० लाख झाले तरी त्या दोनच राहतात.

या कृतीतला एक बारकावा पुढे फार कामाला येणार आहे, म्हणून तो आत्ताच पाहून ठेवू. समान गुण मिळालेले विद्यार्थी मूळ यादीत ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने नव्या यादीत बसले. तीन गुणांच्या तिघांपैकी जो आधी होता तो आधीच राहिला. या गुणधर्माला स्थिरता म्हणतात. नुसते आकडे लावायचे असतील, तर तिला काही किंमत नाही, कारण एक ३ आणि दुसरा ३ यांत फरकच नसतो. पण प्रत्येक आकड्यामागे एक माणूस, एक नाव, एक बैठक क्रमांक असतो. यादी आधी नावांप्रमाणे लावलेली असेल आणि नंतर गुणांप्रमाणे स्थिर रीतीने लावली, तर समान गुणांच्या गटात नावांचा क्रम आपोआप टिकून राहतो.

आता या पद्धतीची दुखरी बाजू. गुण सहाशेपर्यंतच असल्यामुळे ६०१ रकान्यांत भागले. पण तेच १५ लाख लोक आधार क्रमांकाप्रमाणे लावायचे म्हटले तर? आधार क्रमांक बारा अंकी आहे. बारा अंकांनी एक लाख कोटी वेगवेगळे आकडे होऊ शकतात. तेवढे रकाने आखायचे आणि प्रत्येक रकान्यातली मोजणी ठेवायला चार बाइट द्यायचे, तर नुसत्या रकान्यांनाच चार टेराबाइट मेमरी लागेल. त्यातले बहुतेक सगळे रकाने रिकामे असतील आणि तरीही बेरीज पुढे नेण्यासाठी प्रत्येकाला भेट द्यावी लागेल. १५ लाख माणसांसाठी एक लाख कोटी रकाने चाळण्यापेक्षा तुलना केलेली कितीतरी बरी. काउंटिंग सॉर्टचा खर्च नोंदींची संख्या आणि रकान्यांची संख्या यांच्या बेरजेइतका असतो. रकाने नोंदींपेक्षा फार जास्त झाले की ही पद्धत मोडून पडते.

यावर उपाय असा की आकडा अख्खा एकदम घ्यायचाच नाही. त्याचे तुकडे करायचे आणि एका वेळी एका तुकड्याप्रमाणे क्रम लावायचा. ही रेडिक्स सॉर्ट. आणि ही संगणकाच्याही आधीची आहे.

हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेसाठी भोके पाडलेली कार्डे आणि ती मोजणारी यंत्रे आणली. त्यांची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्यातूनच आयबीएम उभी राहिली. या कार्डांच्या जगात सॉर्टर नावाचे स्वतंत्र यंत्र असे. चालक त्यावर कार्डाचा एकच रकाना निवडी. मग यंत्र एकेक कार्ड ओढून घेई आणि त्या रकान्यात ज्या अंकावर भोक असेल त्या अंकाच्या कप्प्यात टाकी. आयबीएमचे ८२ क्रमांकाचे सॉर्टर मिनिटाला ६५० कार्डे वाटत असे. यंत्राला दोन कार्डांची तुलना करता येतच नव्हती. त्याला एका वेळी एका कार्डावरचे एक भोक तेवढे दिसे. तरीही त्याच्याकडून हजारो कार्डांचा पूर्ण क्रम लावून घेतला जाई.

तो कसा, हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीचे आकडे घेऊ. पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांनी टपालाचा सॉर्टिंग जिल्हा कळतो. आठ कार्डांवर हे तीन अंक आहेत: ४४० नागपूर, ४१६ कोल्हापूर, ३८० अहमदाबाद, ४११ पुणे, ४०३ गोवा, ११० दिल्ली, ४३१ छत्रपती संभाजीनगर, ४०० मुंबई.

पहिली फेरी एककाच्या अंकावर. शून्याच्या कप्प्यात ४४०, ३८०, ११०, ४०० पडतात, एकच्या कप्प्यात ४११ आणि ४३१, तीनच्या कप्प्यात ४०३, सहाच्या कप्प्यात ४१६. कप्पे शून्यापासून नऊपर्यंत क्रमाने उचलून एक गठ्ठा केला की क्रम होतो ४४०, ३८०, ११०, ४००, ४११, ४३१, ४०३, ४१६. हा क्रम पाहून काही साधल्यासारखे वाटत नाही. हाच गठ्ठा आता दशकाच्या अंकावर चालवायचा. शून्यात ४००, ४०३. एकमध्ये ११०, ४११, ४१६. तीनमध्ये ४३१, चारमध्ये ४४०, आठमध्ये ३८०. पुन्हा गोळा केले की ४००, ४०३, ११०, ४११, ४१६, ४३१, ४४०, ३८०. आता शेवटचे दोन अंक क्रमाने आले आहेत, वाचून खात्री करून घ्या. तिसरी फेरी शतकावर. एकमध्ये ११०, तीनमध्ये ३८०, चारमध्ये बाकी सगळे. गठ्ठा होतो ११०, ३८०, ४००, ४०३, ४११, ४१६, ४३१, ४४०. क्रम पूर्ण झाला.

शेवटच्या फेरीत चारच्या कप्प्यात सहा कार्डे पडली आणि ती आपापसांत आधीच क्रमाने होती. कारण यंत्र समान अंकांच्या कार्डांचा आधीचा क्रम मोडत नाही. मघाची स्थिरता ती हीच. तिच्याशिवाय दुसरी फेरी पहिल्या फेरीची मेहनत पुसून टाकील आणि तिसरी दुसरीची. कप्पे चुकीच्या क्रमाने उचलले किंवा एखाद्या कप्प्यातला गठ्ठा उलटा ठेवला, तर कार्डांच्या बाबतीत नेमके हेच होई. म्हणून चालक कप्प्यातली कार्डे एकत्र ठोकून सरळ करत आणि त्या अंकाच्या भोकातून उजेड आरपार दिसतो का, किंवा एक लांब सुई सगळ्या कार्डांतून जाते का, ते पाहत. सुई अडली की चुकीच्या कप्प्यातले कार्ड सापडे.

सहा अंकी क्रमांकाची दहा हजार कार्डे लावायला सहा फेऱ्या लागत. दर फेरीला सुमारे साडेपंधरा मिनिटे, म्हणजे यंत्राचा दीड तास, आणि कार्डे उचलण्याचा वेळ वेगळा. कार्डे दुप्पट झाली की वेळ दुप्पट होई, फेऱ्या मात्र सहाच राहत.

उजवीकडून सुरुवात का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो, कारण माणूस आकडा डावीकडून वाचतो. डावीकडूनही करता येते, आणि आपले टपाल खाते तेच करत आले आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून टपाल परिमंडळाकडे बोट दाखवतात, पहिले तीन सॉर्टिंग जिल्हा ठरवतात आणि उरलेले तीन बटवडा करणाऱ्या कचेरीपर्यंत पोहोचवतात. दिल्लीत टाकलेले पत्र चारच्या ढिगात गेले की दिल्लीचे काम संपले. पुढचे अंक पुढचे लोक पाहतील. ही डावीकडून केलेली रेडिक्स सॉर्टच आहे. टपालाला ती शोभते, कारण तिथले ढीग खरोखरच वेगवेगळ्या गावांना जायचे असतात आणि नागपूरच्या पिशवीत काय चालले आहे याची कोल्हापूरला फिकीर नसते. कार्डांच्या सॉर्टरपुढे मात्र एकच माणूस उभा असे. त्याने डावीकडून सुरुवात केली असती, तर पहिल्या फेरीनंतर दहा ढीग वेगळे सांभाळावे लागले असते, दुसरीनंतर शंभर. उजवीकडून गेले की प्रत्येक फेरीनंतर सगळे ढीग पुन्हा एकच गठ्ठा होतात.

संगणक आल्यावर ही जुनी रीत सुरुवातीला अडचणीची वाटली. दहा कप्पे ठेवायचे, तर प्रत्येक कप्प्यासाठी किती मेमरी राखायची? सगळे आकडे एकाच कप्प्यात पडू शकतात, म्हणजे सुरक्षित राहायचे तर प्रत्येक कप्पा पूर्ण यादीएवढा हवा. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत हे परवडणारे नव्हते. १९५४ साली एमआयटीत हॅरॉल्ड सीवर्ड यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधात यावर तोड काढली. आधी मोजा, मग जागा वाटा. म्हणजे प्रत्येक फेरीत वर पाहिलेली काउंटिंग सॉर्ट चालवा. कोणत्या अंकाच्या किती नोंदी आहेत हे आधीच कळल्यामुळे सगळ्या कप्प्यांना मिळून मूळ यादीएवढी एकच जादा जागा पुरते. काउंटिंग सॉर्ट एकटी वापरली तर लहान आकड्यांपुरतीच चालते, पण रेडिक्स सॉर्टच्या पोटात बसली की बारा अंकी क्रमांकही हाताळते.

संगणकाला दहाच कप्पे ठेवायचे बंधन नाही. आधारसारख्या बारा अंकी आकड्याचे तीन-तीन अंकांचे चार तुकडे केले, तर हजार रकाने आणि चार फेऱ्या पुरतात. प्रत्यक्षात प्रोग्रामर दशमान सोडून द्विमान आकड्याचे आठ-आठ बिटांचे तुकडे करतात. त्याने २५६ रकाने होतात आणि ३२ बिटांचा आकडा चार फेऱ्यांत लागतो.

तुलना आणि रेडिक्स यांतला खरा फरक इथे उघड होतो. एका तुलनेतून हो किंवा नाही एवढेच कळते, म्हणजे एक बिट माहिती. २५६ रकान्यांपैकी योग्य रकान्यात आकडा टाकला की एका फटक्यात आठ बिटांचा निकाल लागतो. रेडिक्स सॉर्टचा फायदा इथूनच येतो. दोनच कप्पे ठेवून एकेका बिटावर रेडिक्स सॉर्ट केली, तर तो जवळपास सगळा जातो. आकडे सगळे वेगवेगळे असतील, तर १५ लाख आकडे ओळखायला किमान २१ बिट हवेतच, म्हणजे २१ फेऱ्या, आणि आपण पुन्हा तुलनेच्या खर्चापाशी येऊन पोहोचतो. ‘रेषीय’ या शब्दामागे फेऱ्यांची संख्या लपलेली असते. ती लहान असेल तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

एक कोटी नोंदी ३२ बिटांच्या क्रमांकाने लावायच्या आहेत असे धरा. तुलनेने जायचे तर नोंदीमागे बावीसेक तुलना. रेडिक्सने चार फेऱ्या, आणि चारही तुकड्यांची मोजणी सुरुवातीच्या एकाच वाचनात उरकता येते. म्हणजे प्रत्येक नोंद पाच वेळा वाचली आणि चार वेळा हलवली. इथे रेडिक्स जिंकते. तिच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. आजचा प्रोसेसर तुलनेचे उत्तर येण्याची वाट न पाहता ते काय असेल याचा अंदाज बांधून पुढचे काम सुरू करतो. विस्कळीत यादीत हा अंदाज अनेकदा चुकतो आणि प्रत्येक चुकीमागे केलेले काम टाकून मागे यावे लागते. रेडिक्सच्या फेरीत असा फाटाच नसतो. अंक वाचा, जागा पाहा, ठेवा, बस्स.

आता उलट उदाहरण. हजार नोंदी आणि ६४ बिटांचा आकडा. तुलना नोंदीमागे नऊ-दहा. रेडिक्सला आठ-आठ बिटांच्या आठ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत २५६ रकान्यांची बेरीज, म्हणजे हजार नोंदींसाठी दोन हजारांवर रकाने चाळायचे. इथे तुलनेच्या रीतीला हरवणे कठीण आहे. फेऱ्या कमी करण्यासाठी सोळा-सोळा बिटांचे तुकडे करावेत, तर रकाने ६५,५३६ होतात. हजार नोंदींसाठी तर ते हास्यास्पदच. पण नोंदी कोटींनी असल्या तरी इथे एक गोम आहे. चार बाइटांच्या हिशेबाने एवढे मोजणीचे रकाने २५६ किलोबाइट व्यापतात. प्रोसेसरच्या अगदी जवळची सगळ्यांत वेगवान मेमरी काही दहा किलोबाइटांचीच असते, तिच्यात ते मावत नाहीत. शिवाय नोंदी एकाच वेळी ६५,५३६ निरनिराळ्या ठिकाणी विखरून लिहाव्या लागतात आणि दूरच्या मुख्य मेमरीकडे सतत धाव घ्यावी लागते. कागदावर निम्म्या दिसणाऱ्या फेऱ्या घड्याळावर हळू ठरू शकतात. आठ किंवा अकरा बिटांचे तुकडे लोकप्रिय आहेत ते यामुळे. अकरा बिटांचे घेतले की २,०४८ रकाने होतात आणि ३२ बिटांचा आकडा तीन फेऱ्यांत संपतो.

यादी आधीच बरीचशी क्रमात असेल, तरीही तुलनेची बाजू वरचढ ठरते. पायथॉनमधली टिमसॉर्ट पूर्ण लागलेली यादी नोंदीमागे एक तुलना करून ओळखते आणि सोडून देते. साधी रेडिक्स सॉर्ट यादी कशी आहे ते पाहतच नाही. ती ठरलेल्या सगळ्या फेऱ्या करते.

तुलनेचा सगळ्यात मोठा गुण मात्र वेगाचा नाही. तिला फक्त ‘यांत आधी कोण’ एवढे सांगणारा नियम लागतो, मग तो नियम कसाही असो. रेडिक्सला असा नियम देता येत नाही. आकड्याच्या तुकड्यांतच क्रम उतरलेला असावा लागतो. तापमानाच्या यादीत उणे ३ अंश आले की नवख्या प्रोग्रामरची रेडिक्स सॉर्ट ते सगळ्यात शेवटी, ४० अंशांच्याही पुढे, टाकते. कारण संगणक उणे ३ ज्या ३२ बिटांत लिहितो, ते बिट साधा आकडा म्हणून वाचले तर ४,२९,४९,६७,२९३ होतात. आकड्याचा सगळ्यात वरचा बिट आधी उलटा केला आणि शेवटी पुन्हा पूर्ववत केला की ही चूक जाते. मराठी शब्दांच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी बसवले आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो आणि त्याच्याही पुढे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. ते तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरे नसून ‘क’ आणि ‘ज’पासून सुरू होणारी जोडाक्षरे आहेत. शब्दांचे बाइट जसेच्या तसे घेऊन रेडिक्स सॉर्ट चालवली, तर मराठी शब्दकोशाचा क्रम मिळणार नाही. तुलनेच्या रीतीत नियम बदलला की काम होते. रेडिक्सच्या रीतीत प्रत्येक शब्दापासून आधी योग्य क्रमाची वेगळी किल्ली तयार करावी लागते आणि तो खर्च हिशेबात धरावा लागतो.

जे कोणी ही पद्धत स्वतः लिहून पाहतील, त्यांच्यासाठी एका नेहमीच्या चुकीबद्दल लिहायलाच हवे. जागा वाटण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे प्रत्येक अंकाची सुरुवातीची जागा लक्षात ठेवून यादी पहिल्यापासून वाचणे, जे आपण वर केले. दुसरा म्हणजे प्रत्येक अंकाची शेवटची जागा ठेवून यादी उलटी, शेवटापासून वाचणे. दोन्ही बरोबर आहेत. पण शेवटच्या जागा ठेवून यादी पहिल्यापासून वाचली, तर समान अंकांच्या नोंदी उलट्या होतात. एका फेरीच्या काउंटिंग सॉर्टमध्ये नुसते आकडे लावून पाहिले, तर हे कधीच लक्षात येणार नाही, कारण उत्तर बरोबर दिसते. ती चूक रेडिक्स सॉर्टमध्ये दुसऱ्या फेरीला वर येते. ४११ आणि ४१६ यांचा दशकाचा अंक सारखाच आहे. त्या फेरीत ते उलटे होतात आणि ४१६ पुण्याच्या आधी जाऊन बसते. ही चूक पकडण्याचा भरवशाचा मार्ग असा, की प्रत्येक नोंदीला तिचा मूळ अनुक्रमांक चिकटवावा आणि एकाच फेरीनंतर पाहावे. समान अंकांच्या प्रत्येक गटात अनुक्रमांक चढतेच असले पाहिजेत.

तयार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हा हिशेब कुठे मिटवला आहे, ते पाहण्यासारखे आहे. जावा भाषेत एक बाइटाच्या, म्हणजे फक्त २५६ शक्य किमतींच्या आकड्यांची यादी पुरेशी मोठी असेल, तर काउंटिंग सॉर्ट वापरली जाते. पायथॉनच्या नमपाय संग्रहात स्थिर क्रम मागितला, तर १६ बिटांपर्यंतच्या पूर्णांकांसाठी रेडिक्स सॉर्ट चालते आणि त्याहून मोठ्या आकड्यांसाठी तुलनेची रीत. हजारो छोटी गणनयंत्रे एकाच वेळी चालवणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरवर मात्र ३२ आणि ६४ बिटांच्या आकड्यांसाठीही रेडिक्स सॉर्टच पहिली निवड असते, कारण मोजणे आणि जागा वाटणे ही कामे अनेकांत सहज विभागता येतात. साध्या संगणकावर आपल्या यादीसाठी निवड करायची असेल, तर नोंदी किती आणि किल्ली किती बिटांची हे दोन आकडे आधी कागदावर मांडा. किल्लीच्या बिटांना आठाने भागून येणाऱ्या फेऱ्या नोंदीमागे लागणाऱ्या तुलनांपेक्षा बऱ्याच कमी असतील, तेव्हाच रेडिक्स सॉर्ट लिहायला घ्या, आणि लिहिल्यावर आपल्याच खऱ्या यादीवर दोन्हींचा वेळ मोजून पाहा.